बारा लाखांवर टॅक्स किती? आधी चार प्रश्न

"वर्षाला बारा लाख मिळतात, तर टॅक्स किती बसेल?" मार्च जवळ आला की हा प्रश्न ऑफिसच्या कँटीनमध्ये, सोसायटीच्या बाकावर आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकू येतो. ज्याला हिशोबातलं थोडंफार कळतं अशा माणसाला गाठून तो विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तरात एकच आकडा हवा असतो. मुश्कील अशी की या प्रश्नाला एक आकडा नाहीच. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी बारा लाखांवरचा आयकर शून्य रुपये असू शकतो, आणि तो १,६३,८०० रुपयेही असू शकतो. दोन्ही उत्तरं कायद्याला धरून आहेत. इतकंच काय, दोन्ही एकाच माणसाची असू शकतात.

ती कशी, ते आधी पाहू. या माणसाला बारा लाख निव्वळ पगारातून मिळतात, दुसरं कसलंही उत्पन्न नाही आणि वय साठच्या आत आहे. नव्या कर प्रणालीत पगारदाराला ७५,००० रुपयांची स्टँडर्ड डिडक्शन मिळते, म्हणजे करपात्र उत्पन्न ११,२५,००० रुपये उरतं. पहिल्या चार लाखांवर काही नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के म्हणजे २०,००० आणि आठच्या वरच्या सव्वातीन लाखांवर १० टक्के म्हणजे ३२,५००. कर झाला ५२,५०० रुपये. पण नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर कलम ८७ए खाली ६०,००० रुपयांपर्यंतचा कर माफ होतो. त्यामुळे देणं शून्य.

आता याच माणसाने जुनी प्रणाली निवडली आणि दाखवायला कसलीच गुंतवणूक नाही असं धरा. इथे स्टँडर्ड डिडक्शन ५०,००० रुपयेच आहे, म्हणून करपात्र उत्पन्न ११,५०,००० होतं. अडीच लाखांपर्यंत कर नाही, अडीच ते पाच लाखांवर ५ टक्क्यांनी १२,५००, पाच ते दहा लाखांवर २० टक्क्यांनी एक लाख आणि वरच्या दीड लाखावर ३० टक्क्यांनी ४५,०००. एकूण १,५७,५००. त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर लागून रक्कम १,६३,८०० होते. जुन्या प्रणालीत करमाफी आहे, पण ती पाच लाखांच्या आतल्या करपात्र उत्पन्नालाच, त्यामुळे या माणसाच्या ती उपयोगाची नाही.

म्हणून ज्याला खरोखर अंदाज हवा आहे त्याने चार गोष्टी सांगाव्याच लागतात: पैसे कुठून येतात, वजावटी कोणत्या आहेत, वय किती आणि प्रणाली कोणती. यांतली प्रत्येक गोष्ट सारखीच महत्त्वाची असते असं मात्र नाही. कधी वयाने काहीही फरक पडत नाही, तर कधी उत्पन्नाचा उगम बदलला की सगळं उत्तरच फिरतं. म्हणून ओळीने चार रकाने भरण्यापेक्षा कोणता प्रश्न कुठे उत्तर बदलतो हे समजून घेतलेलं बरं.

सुरुवात त्या 'बारा लाख' या आकड्यापासूनच करायला हवी, कारण पुष्कळदा तोच कच्चा असतो. तरुण नोकरदार बारा लाख म्हणतो तेव्हा त्याच्या मनात कंपनीने ऑफर लेटरमध्ये लिहिलेलं पॅकेज असतं. त्या पॅकेजमध्ये कंपनी भरत असलेला प्रॉव्हिडंट फंडाचा वाटा असतो आणि बहुतेक वेळा ग्रॅच्युइटीची तरतूदही असते. यांतला फंडाचा वाटा ठरलेल्या मर्यादेपर्यंत त्या वर्षी करपात्र नसतो आणि ग्रॅच्युइटी तर हातातच आलेली नसते. उलट एखादे काका बारा लाख म्हणतात तेव्हा ते महिन्याला बँकेत जमा होणारी रक्कम बाराने गुणत असतात. ती रक्कम फंड, व्यवसाय कर आणि टीडीएस कापून उरलेली असते. पहिल्याचं करपात्र उत्पन्न त्याने सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी निघतं, दुसऱ्याचं जास्त. कंपनीच्या फॉर्म १६ मध्ये जो एकूण पगार दिसतो तोच इथे खरा, आणि हिशोब तिथूनच सुरू करावा.

आता उगम. कायद्याच्या दृष्टीने सगळे रुपये एकसारखे नसतात. समजा एकीला नऊ लाख पगार आहे आणि वर्षभरात शेअर विकून तिला तीन लाखांचा नफा झाला. शेअर वर्षभराच्या आत घेतलेले आणि बाजारात विकलेले, म्हणजे हा अल्पकालीन भांडवली नफा. तिचेही बारा लाखच आहेत. नव्या प्रणालीत पगारातून ७५,००० वजा जाऊन ८,२५,००० उरतात, त्यावरचा कर २२,५०० रुपये येतो आणि तो पूर्ण माफ होतो, कारण सगळं मिळून तिचं उत्पन्न सव्वाअकरा लाख, बाराच्या आत आहे. शेअरच्या नफ्यावर मात्र २० टक्के हा स्वतंत्र दर आहे, आणि या खास दराच्या कराला ८७ए ची माफी नव्या प्रणालीत लागू होत नाही. तीन लाखांवर साठ हजार, वर उपकर, असे ६२,४०० रुपये तिला भरावे लागतात. 'बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही' हे वाक्य तिनेही ऐकलेलं असतं आणि त्यावर विसंबून ती पुढचं काही पाहत नाही. पगारातून टीडीएस कापला जात नाही, शेअर ब्रोकर निवासी भारतीयाच्या नफ्यातून टीडीएस कापत नाही, आणि रिटर्न भरायला बसल्यावर एकदम साठ-बासष्ट हजारांचा आकडा समोर येतो.

आपल्याकडे याहून जास्त घरांना लागू पडणारी आणि तरीही कमी माहिती असलेली गोष्ट आहे शेतीच्या उत्पन्नाची. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून अंदाज विचारताना त्याचा कोणी उल्लेखच करत नाही. साताऱ्याकडचा, पुण्यात नोकरी करणारा एखादा माणूस घ्या. पगार बारा लाख, आणि गावच्या ऊस-सोयाबीनमधून त्याच्या वाट्याला खर्च वजा जाता वर्षाला तीन लाख येतात. शेतीच्या त्या तीन लाखांवर कर नाही, हे अगदी खरं. पण निव्वळ शेती उत्पन्न पाच हजारांच्या वर असेल आणि बाकीचं उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या पुढे गेलं असेल, तर कराचा दर ठरवण्यापुरतं शेतीचं उत्पन्न मोजणीत धरलं जातं.

मोजणी अशी होते. पगाराचं करपात्र उत्पन्न सव्वाअकरा लाख आणि शेतीचे तीन लाख मिळून सव्वाचौदा लाख. नव्या प्रणालीच्या दरांनी यावर कर येतो ९३,७५० रुपये. मग शेतीच्या तीन लाखांत करमुक्त मर्यादेचे चार लाख मिळवायचे आणि त्या सात लाखांवरचा कर काढायचा. तो येतो १५,०००. पहिल्यातून दुसरा वजा केला की ७८,७५० उरतात. याचा अर्थ शेतीचे पैसे खालच्या स्लॅबमध्ये जाऊन बसले आणि पगाराचे पैसे वरच्या स्लॅबमध्ये ढकलले गेले. करपात्र उत्पन्न अजूनही सव्वाअकरा लाखच आहे, त्यामुळे ८७ए ची माफी मिळते, पण ती जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची. उरतात १८,७५०, आणि उपकरासह १९,५००. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या, तेवढाच पगार घेणाऱ्या सहकाऱ्याला शून्य आणि याला साडेएकोणीस हजार. कंपनीला शेतीची माहिती नसते, त्यामुळे टीडीएसमध्येही हा आकडा येत नाही. शेतीचं उत्पन्न लपवणं हा यावरचा उपाय नव्हे. ते रिटर्नमध्ये दाखवायचंच असतं, आणि त्यासाठी विक्रीच्या पावत्या आणि सात-बारा जपून ठेवायचे असतात. गोठ्यातल्या दुधाचे किंवा कोंबड्यांच्या शेडचे पैसे शेती उत्पन्नात मोडत नाहीत, हेही इथेच सांगून टाकतो. तो व्यवसाय धरला जातो आणि त्यावर नेहमीसारखा कर लागतो.

व्यवसायाच्या बाबतीत 'बारा लाख' हा शब्दप्रयोग आणखी फसवा आहे. एखादी वास्तुविशारद म्हणते, माझे वर्षाला बारा लाख होतात. हे बारा लाख म्हणजे ग्राहकांकडून आलेली फी की खर्च वजा जाता उरलेला नफा? वकील, डॉक्टर, वास्तुविशारद, अभियंता अशा ठरावीक व्यावसायिकांना, वर्षाची फी ५० लाखांच्या आत असेल तर, कलम ४४एडीए प्रमाणे फीच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि सविस्तर हिशोबाच्या वह्या ठेवाव्या लागत नाहीत. तिची फी बारा लाख असेल आणि तिने सहा लाख उत्पन्न दाखवलं, तर नव्या प्रणालीत कर शून्य. तिचा नफाच बारा लाखांच्या पुढे असेल तर चित्र वेगळं, आणि तिथे एक बारीक कंगोरा आहे.

समजा नफा साडेबारा लाख आहे. पगारदाराला साडेबारा लाख मिळाले असते तर ७५,००० वजा जाऊन तो बाराच्या आत आला असता आणि त्याला काही भरावं लागलं नसतं. व्यवसायाच्या उत्पन्नाला स्टँडर्ड डिडक्शन नाही. त्यामुळे हिचं करपात्र उत्पन्न साडेबारा लाखच राहतं, बाराची रेघ ओलांडली जाते आणि माफी जाते. दरांप्रमाणे कर ६७,५०० येतो. म्हणजे बारा लाखांवर शून्य आणि पन्नास हजार जास्त कमावले म्हणून साडेसदुसष्ट हजार कर, असा अन्याय झाला असता. तो टाळायला कायद्यात मार्जिनल रिलीफ नावाची सवलत आहे: रेघेच्या वर जितकं उत्पन्न गेलं त्यापेक्षा कर जास्त होऊ द्यायचा नाही. म्हणून तिचा कर ५०,००० आणि उपकरासह ५२,०००. जास्तीचे कमावलेले पन्नास हजार तर गेलेच, वर उपकराचे दोन हजारही गेले. ही सवलत करपात्र उत्पन्न सुमारे १२ लाख ७० हजार होईपर्यंत उपयोगी पडते. तिथून पुढे नेहमीचे दर. ज्यांचं उत्पन्न या पट्ट्यात येतं त्यांना 'साधारण बारा-साडेबारा' असं सांगून चालत नाही. इथे पन्नास हजारांची चूक अंदाजातही जवळपास पन्नास हजारांचीच चूक करते.

उगमाच्याच प्रश्नाला चिकटून आणखी एक प्रश्न येतो, तो म्हणजे त्या वर्षी माणूस कुठे राहिला. दुबईत नोकरी करणाऱ्या आणि पुण्यातल्या फ्लॅट-दुकानांचं बारा लाख भाडं घेणाऱ्या एखाद्याचं उदाहरण घेऊ. घरपट्टी बाजूला ठेवली तर भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळून ८,४०,००० उरतात. नव्या प्रणालीत कर २४,०००. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हा पूर्ण माफ झाला असता. अनिवासी भारतीयाला ८७ए ची माफी नाही, त्यामुळे त्याला उपकरासह २४,९६० भरावे लागतात.

वयाबद्दल लोकांच्या अपेक्षा फार असतात. "मी सीनियर सिटिझन आहे, मला वेगळा स्लॅब असेल ना?" हा प्रश्न हमखास येतो. वेगळा स्लॅब आहे, पण फक्त जुन्या प्रणालीत. साठ पूर्ण झालेल्यांना तिथे करमुक्त मर्यादा अडीचऐवजी तीन लाख, आणि ऐंशी पूर्ण झालेल्यांना पाच लाख. स्लॅबमधल्या या फरकाची किंमत साठीच्या माणसासाठी उपकरासह २,६०० रुपये आणि ऐंशीच्या पुढे १३,००० रुपये भरते. याहून जास्त फायदा वयाशी जोडलेल्या वजावटींचा होतो: ठेवींच्या व्याजातून ५०,००० पर्यंत आणि आरोग्य विम्याच्या हप्त्यातून ५०,००० पर्यंत. याही जुन्या प्रणालीतच. नव्या प्रणालीत पंचवीस वर्षांच्या मुलाला आणि पंच्याऐंशीच्या आजोबांना एकच करमुक्त मर्यादा आहे, चार लाखांची.

तरी वय विचारावंच लागतं, आणि त्याचं कारण टीडीएसमध्ये आहे. ७२ वर्षांच्या एका गृहस्थांना सहा लाख पेन्शन आणि ठेवींचं पाच लाख व्याज मिळतं असं धरा. नव्या प्रणालीत ७५,००० वजा जाता उत्पन्न १०,२५,००० आणि कर शून्य. पण ज्येष्ठांचं एका बँकेतलं व्याज वर्षाला एक लाखाच्या पुढे गेलं की ती बँक १० टक्के टीडीएस कापते. त्यांच्या सगळ्या ठेवी एकाच बँकेत असतील तर ५०,००० रुपये कापले जातील आणि रिटर्न भरून, परतावा येईपर्यंत वाट पाहून ते मिळवावे लागतील. वर्षाच्या सुरुवातीलाच असा अंदाज काढून त्यांनी बँकेला फॉर्म १५एच दिला, तर ही कपात होत नाही. हा फॉर्म साठ पूर्ण झालेल्यांसाठीच आहे, आणि माफी धरून कर शून्य येत असेल तर तो देता येतो. शिवाय ज्येष्ठ निवासी नागरिकाला व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर आगाऊ कर भरण्याचं बंधन नाही. त्या वर्षात ३१ मार्चपर्यंत कधीही साठ पूर्ण झाली तरी त्या पूर्ण वर्षासाठी तो माणूस ज्येष्ठ धरला जातो. ज्यांचा जन्म १ एप्रिल १९६६ चा आहे त्यांची साठी ३१ मार्च २०२६ ला पूर्ण झाली असं कर खातं मानतं, म्हणून २०२५-२६ या वर्षासाठी तेही ज्येष्ठच. शाळेच्या दाखल्यावर १ एप्रिल किंवा १ जून अशा तारखा आपल्याकडे पूर्वी सर्रास लिहिल्या जात. त्यांतली १ एप्रिलची तारीख इथे फायद्याची ठरते.

राहिली प्रणाली, आणि तिच्याबरोबरच वजावटी, कारण हे दोन प्रश्न वेगळे सोडवताच येत नाहीत. बारा लाखांच्या पगाराला नव्या प्रणालीत शून्य येतं तिथे जुनीचा विचार करण्यात अर्थ नाही. खरी ओढाताण वरच्या उत्पन्नाला होते. अठरा लाख पगार असलेला, पुण्यात महिना पंचवीस हजार भाड्याने राहणारा आणि नाशिकला आईवडिलांसाठी कर्जावर घर घेतलेला एक अभियंता घेऊ. वय पस्तीस, दुसरं उत्पन्न नाही.

नव्या प्रणालीत त्याचं काम दोन ओळींचं आहे. अठरातून ७५,००० वजा, राहिले १७,२५,०००. बारा लाखांपर्यंतचा कर ६०,०००, बारा ते सोळावर १५ टक्क्यांनी आणखी ६०,०००, वरच्या सव्वा लाखावर २० टक्क्यांनी २५,०००. एकूण १,४५,००० आणि उपकरासह १,५०,८००.

जुन्या प्रणालीत आधी घरभाडे भत्ता काढावा लागतो. मूळ वेतन ७,२०,००० आणि घरभाडे भत्ता तीन लाख आहे असं धरू. भत्त्यातली करमुक्त रक्कम म्हणजे तीन रकमांमधली सर्वांत लहान: मिळालेला भत्ता तीन लाख, भरलेल्या तीन लाख भाड्यातून मूळ वेतनाचे १० टक्के वजा करून येणारे २,२८,०००, आणि पुण्यासाठी या वर्षी मूळ वेतनाच्या ४० टक्के म्हणजे २,८८,०००. म्हणून २,२८,००० करमुक्त. पुष्कळजण पूर्ण भत्ता किंवा पूर्ण भाडं वजा होईल असं गृहीत धरतात आणि अंदाज तिथेच चुकतो. पुढे स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, व्यवसाय कर २,५००, गृहकर्जाचं व्याज कितीही असलं तरी दोन लाखांपर्यंत, ८०सी खाली फंड, विमा आणि कर्जाची मुद्दल मिळून दीड लाख, एनपीएसमध्ये स्वतःहून भरलेले ५०,००० आणि आरोग्य विम्याचे २५,०००. एवढं सगळं वजा करून करपात्र उत्पन्न १०,९४,५०० वर येतं. कर १,४०,८५०, उपकरासह १,४६,४८४.

म्हणजे जवळपास प्रत्येक मोठी वजावट पूर्ण वापरून जुनी प्रणाली त्याला ४,३१६ रुपयांनी स्वस्त पडली. आणि हाच माणूस स्वतःच्या घरात राहत असता, म्हणजे भाड्याची वजावट नसती, तर जुन्या प्रणालीत त्याला २,१७,६२० रुपये भरावे लागले असते. तेव्हा नवी प्रणाली ६६,८२० रुपयांनी स्वस्त. या पगाराला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ६ लाख ४२ हजारांच्या वजावटी जमल्या तर दोन्ही प्रणाली बरोबरीत येतात. त्याखाली नवी, त्यावर जुनी. "माझं होम लोन आहे, म्हणजे मला जुनीच परवडेल" हे जे सर्रास ऐकू येतं ते बऱ्याच जणांच्या बाबतीत आता खरं राहिलेलं नाही. माझं स्पष्ट मत असं की ज्याला भाडं आणि कर्ज ही दोन्ही दाखवता येत नाहीत त्याने केवळ टॅक्स वाचवायला मार्चमध्ये विमा पॉलिसी घेऊ नये. आधी नव्या प्रणालीत किती येतो ते पाहावं. कंपनी आपल्या नावे एनपीएसमध्ये भरत असेल तर ती रक्कम, मूळ वेतनाच्या १४ टक्क्यांपर्यंत, नव्या प्रणालीतही वजा होते. हा पर्याय कंपनी देते का, हे विचारण्यासारखं आहे.

प्रणाली निवडली नाही तर काय होतं? मग नवी लागू होते. पगारदाराने कंपनीला काहीच कळवलं नाही तर कंपनी नवी धरून टीडीएस कापते. पगारदाराला रिटर्न भरताना निवड बदलता येते, पण ते रिटर्न मुदतीत भरलं तरच. मुदत उलटून भरलेल्या रिटर्नमध्ये जुनी प्रणाली मिळत नाही. आपल्या अभियंत्याची चार हजारांची बचत तेवढ्यानेच हातची जाईल. व्यवसायाचं उत्पन्न असणाऱ्यांना जुनी हवी असेल तर वेगळा फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. तिथून एकदा परत नव्याकडे आलात की व्यवसाय चालू असेपर्यंत पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. त्यांना दरवर्षी मागेपुढे करण्याची मुभा नाही.

हे सगळं वर्ष संपल्यावर कळून फारसा उपयोग नसतो. टीडीएस वजा जाऊन दहा हजार किंवा त्याहून जास्त कर देणं असेल तर तो आगाऊ भरायचा असतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. नाही भरला तर महिन्याला एक टक्का दराने व्याज लागतं. शेअरवाली आणि शेतीवाला दोघेही याच जाळ्यात सापडतात. वर्षाच्या मध्ये नोकरी बदललेलेही सापडतात, कारण नव्या कंपनीला जुन्या पगाराची माहिती दिली नाही तर ती फक्त आपले सहा महिने पाहते, तेवढ्यावर कर बसत नाही म्हणून काही कापत नाही, आणि दोन्ही पगार एकत्र आल्यावर थकबाकी समोर येते.

म्हणून अंदाज विचारायला जाताना सोबत काही कागद न्या. आयकर खात्याच्या पोर्टलवर लॉगिन करून एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती पत्रक, उतरवून घ्या. बँकांचं व्याज, शेअर-म्युच्युअल फंडांची विक्री, लाभांश असं पुष्कळ काही त्यात आधीच नोंदलेलं असतं. आपण सांगायला विसरलो तरी खातं विसरलेलं नसतं. पगाराची स्लिप किंवा फॉर्म १६, कर्जाच्या व्याजाचा बँकेचा दाखला, भाड्याच्या पावत्या, आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या पुढे असेल तर घरमालकाचा पॅन. त्याच पोर्टलवर कर मोजण्याचं कॅल्क्युलेटर आहे. तेही दोन्ही प्रणालींची तुलना करून देतं, पण त्याआधी वय, निवासी दर्जा आणि उत्पन्नाचे प्रकार विचारतं.

कोणी यांतलं काहीही न विचारता छातीठोकपणे एक आकडा सांगितला, तर त्याने काय गृहीत धरलं ते लगेच विचारा: सगळा पगारच धरला का, वय साठच्या आत धरलं का, प्रणाली कोणती धरली, शेअर किंवा शेती धरली का. ही उत्तरं त्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. त्यांतलं एक जरी तुमच्या बाबतीत खरं नसेल, तर तो आकडा तुमचा नाही. त्यावर विसंबून १५ मार्चची तारीख जाऊ देऊ नका.